चुन्याचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यातून वाहणारी प्रवरा एकाच नावाने ओळखली जात असली, तरी तिचे पाणी उगमापासून संगमापर्यंत एकसारखे राहत नाही. रतनगडाच्या कुशीत, जेथे वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे हे पाणी आभाळातून पडून काळ्या पाषाणावरून नुकतेच घरंगळलेले असते आणि त्यात विरघळलेले क्षार फारच थोडे असतात. तेच पाणी भंडारदऱ्याच्या जलाशयात थांबून, अकोले, संगमनेर, श्रीरामपूर असा प्रवास करीत आणि काळ्या मातीतून व चुनखडीच्या थरांतून झिरपून आलेले ओघळ पोटात घेत नेवासे तालुक्यातील प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते, तेव्हा ते चांगलेच जड झालेले असते. माणसाला हा फरक साबणाच्या फेसावरून आणि भांड्याच्या बुडाशी बसणाऱ्या पांढऱ्या खपलीवरून कळतो. नदीकाठच्या खेकड्यासाठी मात्र तो अंगावरच्या कवचाचा प्रश्न असतो, कारण ते कवच चुन्याचे असते आणि वाढायचे असेल तर खेकड्याला ते पुनःपुन्हा टाकून नव्याने घडवावे लागते.

येथे ज्या खेकड्याचा विचार करावयाचा आहे तो समुद्रातला नव्हे. दख्खनच्या नद्या, ओढे, भातखाचरांचे बांध आणि सह्याद्रीचे सडे येथे राहणारे खेकडे गोड्या पाण्यातील स्वतंत्र कुळाचे आहेत, आणि त्यांतील बॅरिटेल्फ्युसा या प्रजातीचे खेकडे महाराष्ट्राच्या पठारावर सर्वाधिक परिचयाचे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खन पालथे घालणाऱ्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने येथील भूचर खेकड्यांचे वर्णन लिहून ठेवले आणि ते १८३६ च्या सुमारास लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले; बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस हे नाव त्याच लेखाशी जोडलेले आहे. या खेकड्यांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांच्या जीवनक्रमात पाण्यावर तरंगणारी अळीची अवस्था नसते. मादी आपल्या पोटाखालच्या दुमडलेल्या झडपेत अंडी आणि नंतर पिल्ले सांभाळते, आणि त्या झडपेतून बाहेर पडणारे पिल्लू आकाराने मुगाच्या दाण्याएवढे असले तरी घडणीने पूर्ण खेकडा असते. कवचाची कटकट त्यामुळे जन्मापासूनच त्याच्या पाठीशी लागते.

खेकड्याच्या शरीराला आधार देणारा सांगाडा आत नसून बाहेर असतो. कायटिन या चिवट, तंतुमय पदार्थाचे आणि प्रथिनांचे पापुद्रे एकावर एक रचले जातात आणि त्यांच्या फटींत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीतलेच द्रव्य, भरले जाते. कायटिनामुळे कवचाला चिवटपणा येतो आणि चुन्यामुळे टणकपणा. अशी रचना शत्रूच्या दातांना पुरून उरते, पण एकदा घट्ट झाल्यावर ती तसूभरही ताणली जात नाही. म्हणून खेकड्याची वाढ झाडासारखी किंवा वासरासारखी सलग होत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी होते, आणि प्रत्येक पायरीवर जुने कवच पूर्णपणे सोडून द्यावे लागते. या क्रियेला शास्त्रात निर्मोचन म्हणतात आणि बोलीत कात टाकणे. एका पायरीत किती वाढ होते हे जात, वय आणि खाण्यापिण्यावर अवलंबून असते. तरी समजण्यासाठी असा खेकडा घ्यावा की ज्याच्या पाठीची रुंदी चार सेंटिमीटर आहे आणि जो एका कातीत पाचव्या हिश्श्याने वाढतो. नवी पाठ ४.८ सेंटिमीटर भरेल, आणि ही वाढ फार वाटणार नाही. पण लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशांनी तेवढीच वाढ झाली तर आतली जागा सुमारे पाऊणपटीने वाढते. तासा-दोन तासांत एवढे मांस तयार होणे शक्य नसते. ती जागा पाण्याने भरली जाते, आणि पुढे सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळशा गोष्टींचे मूळ या साध्या गणितात आहे.

कात टाकण्याचा क्षण नाट्यमय असला, तरी खरे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर द्राश यांनी १९३९ साली कवचधारी प्राण्यांच्या या चक्राची अवस्थांमध्ये विभागणी केली, आणि तिच्या पायावरच आजही हा विषय शिकवला जातो. त्या विभागणीनुसार कात टाकल्यानंतरचे मऊ दिवस, कागदासारख्या कवचाचे दिवस, टणक कवचाचा दीर्घ काळ, पुढच्या कातीची तयारी आणि प्रत्यक्ष कात अशी ही साखळी फिरत राहते. तयारीच्या अवस्थेत कवचाखालची त्वचा जुन्या कवचापासून सुटी होते आणि त्याच्या आतल्या बाजूला नव्या कवचाचे पहिले पापुद्रे विणू लागते. वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही, पण आत एकाखाली एक अशी दोन कवचे असतात, आणि खालचे कवच वरच्यापेक्षा मोठे असल्यामुळे ते चुण्या पडून दबलेले असते.

ही तयारी केव्हा सुरू करायची याचा निर्णय खेकड्याच्या डोळ्यांच्या देठांत होतो. खेकड्याचे डोळे हलत्या देठांवर असतात, आणि त्या देठांच्या आत चेतापेशींचा एक पुंजका असून तो कात रोखून धरणारे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे हुकूम पोहोचवणारे रसायन, सतत पाझरत ठेवतो. छातीच्या पुढच्या भागातील वाय-अवयव या ग्रंथीची जोडी याच्या उलट काम करते. तिच्या स्रावामुळे कातीची तयारी सुरू होते. देठांतला लगाम ढिला पडला की ग्रंथी कामाला लागते. हे सिद्ध करण्याचा प्रयोग क्रूर असला तरी सरळ आहे: देठ कापून टाकले की पुष्कळ जातींचे खेकडे वेळेआधीच कातीच्या तयारीला लागतात, आणि अशी अकाली कात बऱ्याचदा त्यांच्या जिवावर बेतते. दख्खनच्या खेकड्यांवर या दिशेने महत्त्वाचे काम गोदावरीच्या पलीकडे, मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, १९७० च्या दशकात आर. नागभूषणम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिसवर केले.

आता चुन्याकडे यावे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे किनाऱ्यावरची चिंबोरी जुन्या कवचातला बहुतेक चुना टाकून देते आणि नवा चुना कल्ल्यांवाटे आजूबाजूच्या पाण्यातून उचलते. तिला काटकसरीचे कारण नसते. डोंगराळ ओढ्याच्या पाण्यात याचा अगदी लहानसा अंश असतो, आणि बिळातल्या ओलसर मातीत बसलेल्या खेकड्याला तर तेवढे पाणीही मिळत नाही. जुना वाडा उतरवताना मालक जसे खांब, तुळया आणि कडीपाट आधी सोडवून बाजूला रचून ठेवतो आणि मगच भिंती पाडतो, तसेच गोड्या पाण्यातील कवचधारी प्राणी कात टाकण्यापूर्वी जुन्या कवचातला चुना विरघळवून शरीरात साठवून घेतात. साठवण्याची जागा प्रत्येकाची वेगळी असते. गोड्या पाण्यातील झिंग्याच्या आकाराचे नांगीदार क्रेफिश हे प्राणी जठराच्या भिंतीत चुन्याचे दोन खडे तयार करतात आणि कात टाकल्यावर ते विरघळवून वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात, पावसाळी नाल्यांच्या काठी बिळे करून राहणाऱ्या होल्थुइसाना ट्रान्सव्हर्सा या खेकड्याच्या बाबतीत १९८४ साली स्पार्क्स आणि ग्रीनअवे यांनी दाखवून दिले की हा खेकडा चुना चक्क रक्तात साठवतो. त्याचे सूक्ष्म कण रक्तात इतके दाटतात की ते दुधासारखे पांढरे दिसू लागते. दख्खनचा खेकडाही वर्षातला मोठा काळ बिळात काढणारा आणि पावसावर अवलंबून असलेला प्राणी आहे, त्यामुळे सातासमुद्रापलीकडचे हे उदाहरण अकोल्याच्या बांधावरचा खेकडा समजून घेताना किनाऱ्यावरच्या चिंबोरीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

प्रत्यक्ष कात पडण्याची वेळ आली की खेकडा खाणे सोडतो आणि दगडाखाली किंवा बिळात आडोसा धरतो. चुना शोषला गेल्यामुळे कवचाच्या दोन्ही बाजूंवरून जाणाऱ्या ठराविक रेषा आधीच कमकुवत झालेल्या असतात. खेकडा पाणी शोषून फुगू लागतो, त्या रेषा उकलतात, आणि पाठीची ढाल व पोटाची झडप यांच्यामध्ये मागच्या बाजूला आडवी फट पडते. बाहेर पडायचे ते या फटीतून, आणि तेही मागच्या मागे: आधी शरीराचा मागचा भाग, मग चालण्याचे पाय आणि सर्वांत शेवटी नांग्या. नांगीचा पंजा फुगीर आणि तिचे खालचे सांधे अरुंद असल्यामुळे हा शेवटचा टप्पा अवघड असतो, आणि त्याची सोयही आधीच करून ठेवलेली असते. भूचर खेकड्यांवरील अभ्यासांत असे आढळले आहे की तयारीच्या दिवसांत नांगीतले स्नायू स्वतःहून झिजतात, आणि कात पडल्यावर पुन्हा भरून येतात. खेकड्याला आपल्याच नांगीचे मांस कमी करून ती सांध्यांतून ओढून काढावी लागते, हे वाचताना अजब वाटते. पण एवढ्या घट्ट सांगाड्यातून सुटण्याचा दुसरा मार्ग सापडणे कठीण.

जे मागे राहते ते नुसते पाठीचे टरफल नसते. पायांची टोके, मिशा, डोळ्यांवरची पारदर्शक झापडे, कल्ल्यांवरचे तलम अस्तर आणि जठरात अन्न दळणारे दातसुद्धा कातीबरोबर निघून येतात. वरची ढाल नंतर पुन्हा जागेवर बसते, त्यामुळे ओढ्याच्या काठी पडलेली कात पाहणाऱ्याला मेलेल्या खेकड्यासारखी भासते. ती उचलली की वजनच नसते, मागच्या बाजूची फट बोटाने उघडते, आतून सगळे पोकळ आणि स्वच्छ निघते, आणि मेलेल्या खेकड्याला जी दुर्गंधी तासाभरात सुटते तिचा मागमूस नसतो. तरीही अशा अख्ख्या काती क्वचितच सापडतात, याचे कारण कात टाकणारा खेकडाच नंतर ती खातो. चुन्याच्या हिशेबातली ही दुसरी वसुली होय.

बाहेर पडलेला खेकडा मऊ असतो, आणि त्याच्याबद्दलचा सर्वसाधारण समज असा की सांगाडाच नसल्यामुळे तो या काळात निव्वळ मांसाचा गोळा होऊन पडतो. हा समज अर्धाच खरा आहे. २००३ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या जेनिफर टेलर आणि विल्यम कीर यांनी निळ्या खेकड्यावरील प्रयोगांतून दाखवले की कात टाकलेला खेकडा तात्पुरता दुसऱ्याच प्रकारचा सांगाडा वापरतो: नव्या मऊ कवचाच्या पिशवीत शोषलेले पाणी दाबाने भरलेले असते, आणि त्या दाबाचा आधार घेऊन स्नायू पाय हलवू शकतात. गांडूळ आयुष्यभर याच तत्त्वावर चालते. जमिनीवर राहणाऱ्या खेकड्याची अडचण अशी की त्याचे वजन उचलून धरायला भोवती पाणी नसते. त्याच दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार भूचर खेकडा पचनमार्गात हवा भरून घेतो आणि पाण्याच्या जोडीला तिचाही दाब वापरतो. मऊ खेकडा पळू शकतो आणि लपू शकतो, पण लढू मात्र शकत नाही, कारण मऊ नांगीची पकड बसत नाही. शिवाय मऊपणाचा धोका परक्यांकडूनच असतो असेही नाही. खेकडे आपल्या जातभाईंना खातात, आणि कात टाकलेला शेजारी त्यांना सर्वांत सोपे भक्ष्य वाटतो. म्हणून बिळाचे महत्त्व. २०१९ साली कोकणातील तिवरे धरण फुटल्यावर त्याचे खापर खेकड्यांच्या बिळांवर फोडले गेले आणि महाराष्ट्रभर त्याची थट्टा झाली. भातखाचराचा बांध खेकड्याने पोखरल्यामुळे पाणी गळणे ही मात्र अकोल्याकडच्या शेतकऱ्याची नेहमीची तक्रार आहे, आणि त्या बिळाचा एक उपयोग या मऊ दिवसांचा आडोसा हाच असतो.

नवे कवच घट्ट होण्याच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्या एकामागून एक घडतात. पहिल्या क्रियेत कवचातली प्रथिने एकमेकांशी रासायनिक बंधांनी जोडली जातात. कातडे कमावताना जे होते त्याच जातीची ही क्रिया असून ती काही तासांत सुरू होते आणि कवच मऊ चामड्यावरून कडक कागदासारखे होते. दुसरी क्रिया चुना भरण्याची, आणि ती दिवसेंदिवस चालते. साठवलेला चुना आधी अत्यंत निकडीच्या जागी जातो, म्हणजे जबडे, जठरातले दात आणि पायांची टोके येथे, कारण खाता आणि चालता आले तरच पुढचा चुना मिळवता येतो. मग जुनी कात खाल्ली जाते, पाण्यातले कॅल्शियम कल्ल्यांवाटे उचलले जाते, आणि राहिलेली तूट पालापाचोळा, गोगलगाई व शिंपले यांतून भरून निघते. साठवण अपुरी पडली किंवा खाणे मिळाले नाही तर कवच पुरते भरत नाही, आणि मऊपणाचा काळ लांबतो. उगमाकडच्या मऊ पाण्यातल्या खेकड्याला आपल्या साठवणीवर आणि कातीवर भिस्त ठेवावी लागते, तर संगमाकडच्या जड पाण्यात त्याची उधारी भागवायला नदीच उभी असते.

बाजारात या सगळ्याला एकच शब्द आहे: पोचट. पाऊस सुरू झाला की खेकडे बिळांबाहेर येतात आणि रात्री बत्ती घेऊन ते धरले जातात; घेणारा ते हातात उचलून वजनाचा अंदाज घेतो आणि अंगठ्याने पोटाकडची बाजू दाबून पाहतो. दबणारा खेकडा बाजूला टाकला जातो. त्याचे पोट पांढरेशुभ्र, पायांची टोके अणकुचीदार आणि पाठ डागांवाचून चकचकीत असते, म्हणजे डोळ्यांना तो सर्वांत देखणा असतो. शिजवल्यावर मात्र पाणी सुटते आणि पायांत धाग्याएवढे मांस निघते. पाऊणपट वाढलेली जागा पाण्याने भरली होती, ती मांसाने भरून यायला कित्येक आठवडे लागतात. अमावस्येचे खेकडे भरलेले आणि पौर्णिमेचे पोचट, हा महाराष्ट्रभर रूढ असलेला आडाखा चांदण्यात खेकडे चरायला बाहेर पडत नाहीत या निरीक्षणाशी जोडला जातो. पण खेकडा एक पंधरवडा कमी चरल्याने इतका रिकामा होईल हे पटणे कठीण आहे; हाताला जो पोचटपणा जाणवतो त्याचे कारण आधी नुकत्याच पडलेल्या कातीत शोधावे, चंद्र नंतर पाहावा.

कात दरवेळी सुखरूप पडतेच असे नाही. पाय किंवा नांगी जुन्या कवचात अडकली तर खेकडा ती बुंध्याशी असलेल्या ठराविक जागी तोडून मोकळा होतो. तेथे पडदा आधीच तयार असल्यामुळे रक्त फारसे जात नाही. तुटलेल्या जागी कोंब येतो, त्यात नवा पाय घडी घालून तयार होतो, आणि पुढच्या कातीत तो उलगडतो, सुरुवातीला आखूड आणि दोन-तीन कातींनंतर पूर्ण मापाचा. अंडी सांभाळणाऱ्या मादीला तर कात लांबणीवर टाकावी लागते, कारण अंडी पोटाखालच्या उपांगांच्या केसांना चिकटलेली असतात आणि ते केस कवचाचाच भाग असल्यामुळे कातीबरोबर सगळी अंडी जातील.

एक धोका अलीकडचा आहे आणि तो शेतातून येतो. कापूस, भाजीपाला आणि भात यांवर वापरल्या जाणाऱ्या काही कीटकनाशकांचे काम कीटकाला लगेच मारणे हे नसून त्याच्या शरीरात कायटिन तयार होऊ न देणे हे आहे. अळी पुढची कात टाकू लागली की तिचे नवे आवरण फसते आणि ती मरते. खेकड्याचे कवचही कायटिनाचेच, त्यामुळे अशी औषधे ओढ्यात उतरली तर त्याच्या बाबतीतही तेच घडू शकते, आणि विशेष म्हणजे फवारणीच्या दिवशी ते दिसत नाही. टणक अवस्थेतला खेकडा धडधाकट फिरत राहतो. तोटा पुढच्या कातीला उघड होतो, जेव्हा नवे कवच पाण्याचा दाब सहन करीत नाही किंवा जुन्यातून सुटतच नाही. मेलेल्या माशांवरून पाण्यातले विष ओळखण्याची सवय असलेल्यांच्या नजरेतून हा प्रकार निसटतो.

वय वाढते तशा काती विरळ होत जातात. पिल्लू थोड्या थोड्या दिवसांनी कात टाकते, प्रौढ खेकड्याला तीच गोष्ट महागात पडते, आणि मोठा जुना खेकडा एकाच कवचात दीर्घ काळ काढतो. त्याच्या पाठीवर शेवाळाचे आणि मातीचे डाग पडलेले असतात, नांग्यांचे दात घासून बोथट झालेले असतात, एखाद्या पायाचे टोक तुटलेले असते. पावसाळ्यात टोपलीतून निवड करणारा जाणता गिऱ्हाईक नेमका हाच उचलतो.